‘माझ्याकडे तर चालतंय!’ : कोड न लिहिणाऱ्यांसाठी प्रोग्रामरांच्या एका मीमची उकल

प्रोग्रामरांच्या ग्रुपवर एक मीम वर्षानुवर्षं फिरतंय. प्रोग्राम तपासणारा, म्हणजे टेस्टर, म्हणतो, “हे चालत नाहीये.” प्रोग्रामर स्क्रीनवरून नजरही न हलवता म्हणतो, “माझ्याकडे तर चालतंय.” खाली हसण्याची रांग लागते, आणि ज्यांनी कधी कोड लिहिलेला नाही त्यांना प्रश्न पडतो की यात एवढं हसण्यासारखं काय आहे.

प्रोग्रामर हात झटकतोय म्हणून लोक हसतात, असा बहुतेकांचा समज होतो. तो अर्धाच बरोबर आहे. खरी गंमत अशी की तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मशीनवर ते खरोखर चालत असतं. कोडमध्ये जे लिहायचं राहून गेलं, ते त्याचं मशीन गुपचूप पुरवत असतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. हे समजावून सांगण्यापेक्षा करून बघणं सोपं आहे, म्हणून आधी तुमच्याच कॉम्प्युटरवर असा एक घोळ घालू. एकदा तो घातला की या जातीची बहुतेक मीम आपोआप कळतात.

काय लागेल

- विंडोजचा कॉम्प्युटर, त्यातलं नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर
- एक फोटो
- पेन ड्राइव्ह (असल्यास उत्तम, नसला तरी चालेल)
- साधारण पंधरा मिनिटं

मॅकवरही हे जमतं. फक्त टेक्स्टएडिटमध्ये लिहायच्या आधी फॉरमॅट मेनूतून ‘मेक प्लेन टेक्स्ट’ निवडा, नाहीतर पानाऐवजी तुमचा कोडच जसाच्या तसा दिसेल.

## १. स्वतःचा ‘माझ्याकडे चालतंय’ तयार करा

डेस्कटॉपवर `demo` नावाचं फोल्डर करा आणि त्यात फोटो ठेवा. फोटोचं नाव `phool.jpg` असू द्या. इथे पहिला सापळा आहे. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे `.jpg`, बहुधा लपवून ठेवतं. ते दिसत नसताना तुम्ही नाव बदलून `phool.jpg` लिहिलंत, तर खरं नाव `phool.jpg.jpg` होतं. म्हणून आधी फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा.

आता तो फोटो ओढून ब्राउझरच्या रिकाम्या टॅबवर सोडा. फोटो उघडेल. वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करा. तो `file:///C:/Users/` असा सुरू होईल आणि पुढे तुमचं युजरनेम असेल. नोटपॅडमध्ये या दोन ओळी लिहा, मात्र अवतरणचिन्हांच्या आत तुमचा स्वतःचा पत्ता पेस्ट करा:

```html
<h1>My flower</h1>
<img src="file:///C:/Users/asha/Desktop/demo/phool.jpg" width="400">
```

पहिली ओळ मथळा दाखवते. दुसरी ब्राउझरला सांगते की अमुक ठिकाणचा फोटो आणून इथे लाव. फाइल `demo` मध्येच `page.html` या नावाने सेव्ह करा. सेव्ह करताना खालच्या ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडायला विसरू नका. नाहीतर ती `page.html.txt` होते आणि डबल क्लिक केल्यावर पुन्हा नोटपॅडच उघडतं.

आता `page.html` वर डबल क्लिक करा. मथळा आणि खाली फूल. चालतंय.

पुढे मजा आहे. अख्खं `demo` फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा (पेन ड्राइव्ह नसेल तर डॉक्युमेंट्समध्ये). पेन ड्राइव्हवरची `page.html` तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. फूल दिसेल. तुम्ही खात्री करून घेतलीत, आता कुणालाही द्यायला हरकत नाही, असं वाटेल. तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि तेच पान उघडा. मथळा आहे, फुलाच्या जागी मात्र फाटक्या चित्राची छोटी खूण. फोटो तर त्याच फोल्डरमध्ये, पानाच्या शेजारीच पडलेला आहे!

दुसरा कॉम्प्युटर हाताशी नसेल तर डेस्कटॉपवरच्या मूळ फोल्डरचं नाव `demo` वरून `demo1` करा आणि पेन ड्राइव्हवरचं पान पुन्हा उघडा. इथेही फूल गायब होईल.

याचा अर्थ, पेन ड्राइव्हवरचं पान पहिल्या वेळीही पेन ड्राइव्हवरचा फोटो दाखवतच नव्हतं. ते डेस्कटॉपवर जाऊन मूळ फोटो आणत होतं, कारण तुम्ही तोच पूर्ण पत्ता लिहून दिला होता. तुमच्या मशीनवर तो पत्ता खरा होता. दुसऱ्याच्या मशीनवर `asha` नावाचं कुणी राहतच नाही. तुम्ही तपासणी केली, ती प्रामाणिकपणे केली, आणि ती निकामी होती. मीममधला प्रोग्रामर नेमका याच जागी उभा असतो.

दुरुस्ती अगदी छोटी आहे. पूर्ण पत्ता काढून नुसतं नाव ठेवायचं:

```html
<img src="phool.jpg" width="400">
```

आता ब्राउझर ‘पान जिथे आहे तिथेच शेजारी बघ’ असं समजतो. फोल्डर कुठेही न्या, फूल सोबत येतं. एखाद्या मीममध्ये कोडचा स्क्रीनशॉट असेल आणि त्यात `C:\Users\` नंतर कुणाचं तरी नाव आणि `Desktop\final_final2` असं काही दिसलं, तर हसण्याची जागा तीच आहे. तो कोड जगात एकाच टेबलावर चालणार आहे.

## २. आता मूळ संवाद पुन्हा वाचा

टेस्टर म्हणजे दुसरा कॉम्प्युटर. ‘प्रॉडक्शन’ म्हणजे ज्या सर्व्हरवरून खरे लोक ती वस्तू वापरतात, तो तिसरा कॉम्प्युटर. प्रोग्रामर स्वतःच्या मशीनला ‘लोकल’ म्हणतो. म्हणून ज्या मीममध्ये दोन चित्रं असतात, डावीकडे ‘लोकल’ लिहिलेली चकचकीत गाडी आणि उजवीकडे ‘प्रॉडक्शन’ लिहिलेला तिचाच सांगाडा, त्यात वस्तू एकच आहे, फक्त मशीन बदललंय.

याच वाक्याचा एक बिल्लाही आहे, चांदणीच्या आकाराचा, ठसठशीत अक्षरांचा, एखाद्या दर्जाच्या शिक्क्यासारखा. २००७ मध्ये जोसेफ कूनी या प्रोग्रामरच्या कल्पनेवरून प्रोग्रामर आणि ब्लॉगर जेफ ॲटवूड यांनी त्याची चेष्टेखोर ‘प्रमाणपत्र योजना’ जाहीर केली. ते मिळवायच्या पायऱ्या साधारण अशा: प्रोग्राम एकदा सुरू करून बघा, त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट एकदा करून बघा, आणि कोड सगळ्यांच्या साठ्यात टाकून मोकळे व्हा. सहकाऱ्यांनी मधल्या काळात केलेले बदल आधी आणून घेणं ऐच्छिक! म्हणजे पेन ड्राइव्हवरचं पान स्वतःच्याच कॉम्प्युटरवर उघडून ‘तपासलं’ म्हणणं, त्याला मिळालेला हा सरकारी थाटाचा शिक्का.

## ३. एका अक्षराने घात

फूल आता कुठेही दिसतंय. पुढचा घोळ याहून बेरकी आहे. `page.html` मध्ये फोटोचं नाव मुद्दाम चुकीचं लिहा:

```html
<img src="Phool.JPG" width="400">
```

फाइलचं खरं नाव अजून `phool.jpg` च आहे. विंडोजवर पान उघडा, फूल दिसेल. पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या विंडोजवर न्या, तिथेही दिसेल. मॅकवरही बहुतेक वेळा दिसेल. दोन-तीन मशीनवर तपासून झालं, आता कसली भीती?

हेच पान लिनक्स या वेगळ्या सिस्टिमच्या सर्व्हरवर चढवलं की फूल गायब. विंडोज आणि सर्वसाधारण मॅक नाव जपताना लहान-मोठी अक्षरं लक्षात ठेवतात, पण शोधताना त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. लिनक्सला `P` आणि `p` ही दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे `Phool.JPG` नावाची फाइल तिथे नाहीच. सर्व्हर उत्तर देतो `404`, म्हणजे ‘मागितलेली वस्तू सापडली नाही’. इंटरनेटवरच्या असंख्य साइट लिनक्सवरून चालतात, म्हणून हा घात घरी दिसत नाही आणि नेमका सगळ्यांसमोर होतो.

तो ओळखायचा कसा? पान उघडतं, मजकूर दिसतो, काहीच चित्रं गायब असतात. फाटक्या चित्रावर राइट क्लिक करून ते नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरच्या पत्त्यातलं नाव मूळ फाइलच्या नावाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. कॅमेरे फोटोंना `IMG_0042.JPG` अशी मोठ्या अक्षरांतली नावं देतात आणि माणसं सवयीने लहान अक्षरांत टाइप करतात, त्यामुळे शेपटाकडे आधी बघावं. जाणती मंडळी सगळी नावं लहान अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवतात. हे वळण अशाच एखाद्या रात्रीनंतर लागलेलं असतं.

या रात्रीचंही मीम आहे. कोडमध्ये प्रत्येक बदल नोंदवताना एक ओळ लिहावी लागते. त्या ओळींची यादी वरपासून खालपर्यंत अशी दिसते: `fix`, `fix again`, `now it should work`, `please work`. घरच्या मशीनवर चूक दिसतच नाही, म्हणून अंधारात बाण मारत प्रत्येक वेळी सर्व्हरवर चढवून बघावं लागतं, हे त्या यादीमागचं दुखणं.

## ४. `localhost` ची लिंक

नवशिका प्रोग्रामर साहेबांना मेसेज करतो: “सर, साइट तयार झाली, बघा.” खाली लिंक असते:

```
http://localhost:3000
```

हे वाचून ग्रुपमधला प्रत्येकजण कपाळाला हात लावतो. कारण `localhost` म्हणजे ‘हेच मशीन’. ज्याने लिंक उघडली त्याचं मशीन, ज्याने पाठवली त्याचं नव्हे. त्याचा आकडी पत्ता `127.0.0.1`. हा पत्ता याच कामासाठी राखून ठेवलेला आहे, आणि त्यावर पाठवलेलं काहीही कॉम्प्युटरच्या बाहेर पडतच नाही. शेवटचा `3000` म्हणजे त्या मशीनवरचा दरवाजा क्रमांक, म्हणजे पोर्ट. साइट बनवताना तात्पुरता वापरायला हा क्रमांक फार लोकप्रिय आहे.

तुमच्या ब्राउझरमध्ये ही लिंक टाका. ‘कनेक्शन नाकारलं’ अशा अर्थाचा संदेश येईल, कारण तुमच्याकडे त्या दारामागे कुणी बसलेलं नाही. आता समजा, लिंक उघडणारा सहकारीही प्रोग्रामर आहे आणि त्याच्या `3000` वर त्याचीच वेगळी साइट चालू आहे. तो लिंक उघडतो, स्वतःचंच काम बघतो आणि उत्तर देतो, “वा, छान झालीय.” या मीमचा हा प्रकार मला सगळ्यात सरस वाटतो, कारण दोघांनाही घोळ झाल्याचं कळतच नाही.

पायपुसण्यावर किंवा टी-शर्टवर `There's no place like 127.0.0.1` लिहिलेलं दिसलं, तर ‘घरासारखी जागा नाही’ या इंग्रजी म्हणीत घराच्या जागी हा पत्ता बसवलाय. आणि धमकी देणाऱ्या हॅकरला कुणीतरी आपला पत्ता म्हणून `127.0.0.1` देतो, आणि हॅकर स्वतःचंच मशीन पाडून बसतो, हाही याच घरातला जुना विनोद.

## ५. सोबत न दिलेला भाग

आतापर्यंतचे घोळ पत्त्यांचे आणि नावांचे होते. खऱ्या प्रोग्राममध्ये याहून मोठी गोष्ट असते. कुणीच सगळा कोड स्वतः लिहीत नाही, तयार भाग वापरतो, त्यांना लायब्ररी म्हणतात. प्रोग्रामरने सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी एक लायब्ररी स्वतःच्या मशीनवर बसवलेली असते आणि तो विसरून गेलेला असतो. सहकाऱ्याकडे पायथन भाषेतला तोच प्रोग्राम सुरू केला की पहिल्याच ओळीला तो थांबतो:

```
ModuleNotFoundError: No module named 'requests'
```

म्हणजे `requests` नावाचा भाग इथे नाही. ही चूक खरं तर सज्जन आहे. काय हवंय ते तोंडाने सांगते.

दुर्जन चूक वेगळी. ही एक ओळ बघा:

```python
print(3/2)
```

पायथन ३ वर उत्तर येतं `1.5`. पायथन २ वर येतं `1`, कारण जुन्या भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देत असे आणि पुढचं टाकून देत असे. दोन्हीकडे प्रोग्राम चालतो, कुठेही लाल अक्षर नाही, फक्त उत्तर वेगळं. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली, तरी जुन्या मशीनवर ते पडून असतं. “माझ्याकडे तर बरोबर येतंय” आणि “माझ्याकडेही चालतंय, पण बिल चुकतंय” असा संवाद दिसला तर मागे बहुतेक वेळा अशी आवृत्तींची तफावत असते.

यावरचा साधा उपाय म्हणजे लागणाऱ्या भागांची आवृत्तीसह यादी कोडसोबतच ठेवणं. पायथनवाले ती `requirements.txt` या फाइलमध्ये लिहितात, उदाहरणार्थ:

```
requests==2.31.0
```

यात दुहेरी बरोबरचं चिन्ह महत्त्वाचं, कारण ते ‘हीच आवृत्ती, दुसरी नको’ असं सांगतं. नुसतं `requests` लिहिलं तर ज्या दिवशी बसवाल त्या दिवशीची आवृत्ती येते. मग जानेवारीत आलेल्या सहकाऱ्याकडे चालतं आणि जूनमध्ये आलेल्याकडे नाही.

जावास्क्रिप्टच्या जगात हे भाग `node_modules` नावाच्या फोल्डरमध्ये साठतात. एक भाग मागवला की तो ज्यांवर अवलंबून तेही येतात, त्यांचेही येतात, आणि छोट्याशा प्रोग्रामसाठी हजारो फाइल जमतात. सूर्य, कृष्णविवर आणि सगळ्यात खोल खड्डा पाडणारं `node_modules` असं वजनाच्या क्रमाने लावलेलं चित्र त्यावरचंच आहे.

## ६. हे वाक्य तुम्हालाच ऐकवलं गेलं तर

मीमवर हसून झालं, पण एखादं ॲप बिघडल्याचं कळवल्यावर हेच उत्तर तुम्हाला मिळू शकतं. तेव्हा ‘चालत नाहीये’ एवढंच परत म्हणू नका. दोन मशीनमध्ये फरक काय आहे तो शोधायचाय, म्हणून तुमच्या बाजूची माहिती द्या: कोणती सिस्टिम आणि तिची आवृत्ती, कोणता ब्राउझर, ॲपची आवृत्ती, नेमकं काय दाबलं किंवा टाइप केलं, आणि एररचा मजकूर जसाच्या तसा. मजकूर आठवून लिहू नका, कॉपी करा. तुम्हाला कचरा वाटणाऱ्या एररच्या शेवटच्या ओळीत बहुतेकदा सगळं उत्तर असतं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. एकाच मशीनवर काल चालत होतं आणि आज नाही, तर ती मशीनमधल्या फरकाची गोष्ट नाही, मधल्या काळात काहीतरी बदललंय. आणि चूक शोधायला बसलं की गायब होते, उठलं की परत येते, त्या जातीला ‘हायझेनबग’ म्हणतात, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरून. त्याची मीम वेगळी, दोन्हींची सरमिसळ करू नका.

## ७. मशीनच पाठवून द्या

शेवटचं मीम संवादाचंच पुढचं पान आहे. “माझ्याकडे तर चालतंय.” “ठीक आहे, मग आपण तुझं मशीनच ग्राहकाला पाठवू.” आणि खाली ओळ: ‘अशा रीतीने डॉकरचा जन्म झाला.’

हे मीम विनोद म्हणून जितकं चांगलं, तितकंच स्पष्टीकरण म्हणूनही. डॉकर हे साधन सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये पायथन प्रोग्रामरांच्या पायकॉन परिषदेत लोकांपुढे आणलं. त्यात प्रोग्राम एकटा पाठवत नाहीत. त्याच्यासोबत त्याच्या लायब्ररी, भाषेची नेमकी आवृत्ती आणि लागणाऱ्या सिस्टिम फाइल अशा सगळ्यांचं एकच गाठोडं बांधतात. त्याला इमेज म्हणतात, आणि ती सुरू झाली की कंटेनर. आपल्या फुलाच्या भाषेत सांगायचं, तर पान आणि फोटोच नव्हे, तर `C:/Users/asha` सकट अख्खं डेस्कटॉप बांधून दिल्यासारखं. मग पूर्ण पत्ताही दुसरीकडे खरा ठरतो, कारण `asha` गाठोड्यात सोबत आलेली असते.

पण मशीन पूर्ण येत नाही. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि प्रोसेसर हे चालवणाऱ्याचेच राहतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले. त्यांचा प्रोसेसर एआरएम जातीचा, तर बहुतेक सर्व्हर इंटेलच्या घराण्यातले. नव्या मॅकवर नेहमीच्या पद्धतीने बांधलेलं गाठोडं अशा सर्व्हरवर उघडलं की समोर एवढंच येतं:

```
exec format error
```

म्हणजे हे ज्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलंय, तो मी नव्हे. गाठोडं बांधतानाच कोणत्या प्रोसेसरसाठी ते सांगितलं (`--platform linux/amd64`) तर ही अडचण टळते. ज्यांनी ते सांगितलं नाही, त्यांच्यासाठी बिल्ल्याची नवी आवृत्ती आली आहे. चांदणी तीच, अक्षरं तशीच ठसठशीत, मजकूर फक्त एवढा बदललाय: ‘माझ्या कंटेनरमध्ये तर चालतंय’.